पगार वाढला की हप्ताही वाढवायचा: स्टेप-अप एसआयपीबद्दल बडोद्याच्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेप-अप म्हणजे नेमकं काय?

म्युच्युअल फंडात दरमहा ठराविक रक्कम जाते ती एसआयपी. त्या रकमेत ठराविक काळाने, बहुधा वर्षातून एकदा, आपोआप वाढ व्हावी अशी नोंद करून ठेवली की ती स्टेप-अप एसआयपी. काही फंड कंपन्यांच्या फॉर्मवर याच सोयीला टॉप-अप म्हणतात. वाढ रुपयांत ठरवता येते (दरवर्षी ६०० रुपये) किंवा टक्क्यांत (दरवर्षी १० टक्के). टक्क्यांची वाढ आदल्या वर्षीच्या हप्त्यावर मोजली जाते, म्हणून ती चढत जाते: ६,०००, ६,६००, ७,२६०, ७,९८६ अशी.

फंड कंपनीला तुमची पगारवाढ कळत नाही, हे आधीच लक्षात घ्या. तिच्याकडे फक्त तारीख आणि टक्का असतो. पगार वाढो न वाढो, त्या महिन्यात हप्ता वाढणारच. खालचे बरेचसे प्रश्न यातूनच निघतात.

सगळे १० टक्के म्हणतात. तेवढेच ठेवायचे का?

डोळे झाकून ठेवू नका. हे १० टक्के पगाराचे नसतात, हप्त्याचे असतात. पगाराच्या मानाने हप्ता लहान असेल तर १० टक्के अगदीच सौम्य पडतात आणि हप्ता मोठा असेल तर तेच जड जातात.

दोन टोकं पाहा. हातात ४५,००० येतात आणि हप्ता ६,००० आहे. १० टक्के वाढ म्हणजे ६०० रुपये. पगारवाढीतले तीन हजार जरी हातात पडले तरी ६०० सहज निघतात. आता हातात ६०,००० आणि हप्ता २०,००० असं धरा. पगार ५ टक्क्यांनी, म्हणजे ३,००० ने वाढला आणि हप्ता १० टक्क्यांनी, म्हणजे २,००० ने. पगारवाढीतले दोन तृतीयांश हप्त्यातच गेले. दूध, भाडं, शाळेची फी आणि रिक्षा यांची वाढ उरलेल्या हजारात भागवायची. असा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एसआयपीच बंद करून टाकतो.

म्हणून टक्का ठरवण्याआधी पगारवाढीतले हातात नेमके किती आले ते काढा आणि त्यातला साधारण एक तृतीयांश हप्त्याला द्या. तो आकडा हप्त्याच्या किती टक्के होतो हे पाहिलं की तुमचा टक्का मिळतो.

हातात आलेली वाढ कशी काढायची? पत्रात तर ८ टक्के लिहिलं आहे.

पत्रातले ८ टक्के बहुधा सीटीसीवर असतात. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते, आणि ती रक्कम महिन्याच्या पगारात दिसत नाही. त्यामुळे पत्र बाजूला ठेवा आणि वाढीच्या आधीची व नंतरची अशा दोन पगारस्लिपा शेजारी ठेवा.

समजा मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात कोणी काम करतो. ढोबळ पगार ४८,०००, त्यात मूळ पगार २४,०००. पीएफ पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के कापला जातो, म्हणजे २,८८०. गुजरातचा व्यवसाय कर २००. हातात येतात ४४,९२०. आता सगळ्या घटकांत ८ टक्के वाढ झाली: ढोबळ पगार ५१,८४०, मूळ पगार २५,९२०, पीएफ ३,११०, व्यवसाय कर तोच २००. हातात ४८,५३०. कागदावर वाढ ३,८४० ची, हातात आली ३,६१० ची. नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर लागत नाही, म्हणून फरक कमी दिसतो. वरच्या पगारात कर वजा झाला की तो बराच रुंदावतो.

काही कंपन्या पीएफ १५,००० च्या वैधानिक मर्यादेवरच कापतात, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये. तिथे पगार वाढला तरी पीएफ वाढत नाही आणि हातात जरा जास्त येतात. दोन्ही प्रकार बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांत आहेत, तेव्हा आपला कोणता हे स्लिपवर पाहा.

३,६१० चा एक तृतीयांश म्हणजे साधारण १,२००. हप्ता ६,००० असेल तर हे २० टक्के झाले. पहिल्या वर्षी २० टक्के वाढवून पुढे १० वर स्थिर व्हायला हरकत नाही. पण २० टक्केच कायमचे नोंदवून ठेवले तर काय होतं, ते पुढच्या उत्तरात आहे.

जास्त टक्का ठेवला तर पुढे खरंच त्रास होतो का? पगारही वाढतोच की.

पगार कोणत्या गतीने वाढतो आणि हप्ता कोणत्या, यावर ते आहे. वरचंच उदाहरण १५ वर्षं पुढे नेऊ. आज हातात ४५,०००, हप्ता ६,०००, म्हणजे पगाराचे १३ टक्के. पगार दरवर्षी सरासरी ७ टक्क्यांनी वाढतो असं धरा. पंधराव्या वर्षी हातात साधारण १,१६,००० येतील.

स्टेप-अप १० टक्क्यांचा असेल तर त्या वर्षीचा हप्ता २२,७८५ होतो, म्हणजे पगाराचे जवळपास २० टक्के. जमण्यासारखं आहे. स्टेप-अप १५ टक्क्यांचा असेल तर हप्ता ४२,४५४ वर जातो, पगाराचे ३६ टक्क्यांहून जास्त. त्याच वयात मुलांचं कॉलेज आणि घराचा ईएमआय एकदम अंगावर येतात. आणि पगार ७ ऐवजी ५ टक्क्यांनीच वाढला तर १० टक्क्यांचा स्टेप-अपही पंधराव्या वर्षी पगाराचे २५ टक्क्यांहून अधिक खातो.

पासबुकातून मागच्या तीन वर्षांची हातात आलेल्या पगाराची सरासरी वाढ काढा. स्टेप-अप तिच्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनीच वर ठेवा. हप्ता पगाराच्या २० ते २५ टक्क्यांपर्यंत पोचला की स्टेप-अप पगारवाढीइतकाच ठेवा किंवा थांबवा.

स्वतःचे आकडे पाहायला एक शीट पुरे. ‘ए’ स्तंभात दुसऱ्या ओळीपासून १ ते १५ वर्षं लिहा आणि पुढची सूत्रं अनुक्रमे ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ स्तंभांत टाकून खाली ओढा:

```
=ROUND(6000*1.10^(A2-1),0)
=ROUND(45000*1.07^(A2-1),0)
=B2/C2
```

‘बी’मध्ये हप्ता, ‘सी’मध्ये पगार आणि ‘डी’मध्ये हप्त्याचा पगारातला वाटा येतो. ‘डी’ ०.२५ च्या वर कोणत्या वर्षी जातो तेवढं पाहा.

हप्ता स्थिर ठेवणं, रुपयांत वाढवणं आणि टक्क्यांत वाढवणं यांत शेवटी किती फरक पडतो?

६,००० पासून सुरुवात, १५ वर्षं, महिन्याला १ टक्का परतावा असं धरून हिशेब असा येतो. परतावा हे निव्वळ गृहीतक आहे. इक्विटी फंडात तो कधीच असा सरळ मिळत नाही आणि त्याची हमीही नसते.

| पद्धत | १५व्या वर्षीचा हप्ता | एकूण भरणा | शेवटची रक्कम |
|---|---|---|---|
| स्थिर हप्ता | ६,००० | १०.८० लाख | ३०.२७ लाख |
| दरवर्षी ६०० रुपये वाढ | १४,४०० | १८.३६ लाख | ४५.०६ लाख |
| दरवर्षी १० टक्के वाढ | २२,७८५ | २२.८८ लाख | ५२.१० लाख |

जाहिरातीत पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवतात आणि स्टेप-अपमुळे २२ लाख जास्त मिळाले म्हणतात. त्यातले १२ लाखांहून अधिक तर तुमच्याच खिशातून जास्तीचे गेलेले असतात, हे ते सांगत नाहीत. नफ्यातला फरक पावणेदहा लाखांच्या आसपास आहे. तोही चांगलाच आहे, पण जादू नाही. पगारवाढीबरोबर खर्चातच विरून जाणारे पैसे वेळेवर बाजूला निघतात, स्टेप-अपचा खरा उपयोग एवढाच.

पगारवाढ जुलैत मिळते आणि माझी एसआयपी जानेवारीची आहे. मग?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. स्टेप-अपची तारीख एसआयपी सुरू झालेल्या महिन्याशी बांधलेली असते. जानेवारीत सुरू केलीत तर दर जानेवारीत वाढ होईल, पगार वाढून सहा महिने झालेले असोत किंवा पुढच्या वाढीला सहा महिने असोत.

इथल्या बऱ्याच कंपन्यांत पत्र जूनच्या अखेरीस किंवा जुलैत हातात येतं आणि वाढ एप्रिलपासून लागू असते. एसआयपी ऑगस्टमध्ये सुरू केलीत तर दर ऑगस्टमध्ये वाढलेला पगार खात्यात आलेला असेल आणि जूनमधली शाळेची फी व पुस्तकं यांचा खर्चही मागे पडलेला असेल. तुमच्याकडे वाढ एप्रिलमध्येच मिळत असेल तर मे धरा.

महिन्यातली तारीखही जपून निवडा. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना पगार सात तारखेपर्यंत आणि मोठ्यांना दहापर्यंत देण्याची कायदेशीर मुभा २०२५ पर्यंत वर्षानुवर्षं होती, आणि जीआयडीसीत सर्रास तसंच चालत आलं आहे. अशा ठिकाणी १ किंवा ५ तारखेची एसआयपी म्हणजे रिकाम्या खात्यावर धाड. १० किंवा १२ तारीख ठेवा.

एप्रिल ते जूनचा फरक जुलैच्या पगारात एकरकमी आला, वरच्या उदाहरणात १०,८३० रुपये, तर तो पाहून हप्ता ठरवू नका. ते पैसे पुन्हा येणार नाहीत. दिवाळीच्या बोनसचंही तसंच. एकरकमी पैसे आणीबाणीच्या ठेवीत किंवा त्याच फोलिओत, म्हणजे फंडातल्या तुमच्या खात्यात, एकदाच टाका.

चालू एसआयपीला स्टेप-अप जोडता येतो का?

काही फंड कंपन्या जोडू देतात, पुष्कळ ठिकाणी ही नोंद सुरुवातीलाच करावी लागते. जोडता येत नसेल तर दोन वाटा आहेत.

एक, जुनी एसआयपी तशीच राहू द्या आणि पगारवाढीनंतर त्याच फोलिओत, त्याच योजनेत, वाढीच्या रकमेची दुसरी लहान एसआयपी सुरू करा. दुसऱ्या वर्षी तिसरी. चार-पाच वर्षांत खात्यातून एकाच महिन्यात पाच-सहा वेळा पैसे जाऊ लागतात, बस्स. पण वाढ दरवर्षी खऱ्या पगारवाढीइतकी करता येते. ज्यांच्या कंपनीत एका वर्षी १२ टक्के आणि पुढच्या वर्षी शून्य असं चालतं, त्यांना आमच्या मते हीच वाट सोयीची.

दोन, जुनी एसआयपी बंद करून स्टेप-अपसह नवी नोंदवा. आधीची युनिट्स जागेवर राहतात, ती विकावी लागत नाहीत. बंद करण्याचा अर्ज पुढच्या हप्त्याच्या निदान आठवडाभर आधी द्या, नाहीतर त्या महिन्यात जुना आणि नवा दोन्ही हप्ते कापले जातात. एसआयपी बंद करणं आणि युनिट्स विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपवर घाईत चुकीचं बटण दाबलं तर भांडवली नफ्यावर कर आणि कधी एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्याचा आकारही पदरी पडतो.

नोंदणी करताना कोणते रकाने नीट भरायचे?

सुरुवातीचा हप्ता, वाढीचा टक्का किंवा रुपये, वाढीचा काळ, वाढीची कमाल मर्यादा, आणि बँकेच्या मँडेटची रक्कम.

काळ वार्षिकच ठेवा. सहामाही वाढीचा पर्याय दिसतो, पण पगार वर्षातून एकदाच वाढतो.

कमाल मर्यादेचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. तो भरा. हप्ता अमुक रकमेला पोचला की वाढ थांबेल आणि पुढे तोच चालू राहील, असं त्यात सांगता येतं. कुठे रकमेऐवजी महिना आणि वर्ष लिहायचं असतं. वरच्या उदाहरणात १५,००० ची मर्यादा घातली तर दहाव्या वर्षी हप्ता १४,१४८ होऊन अकराव्यापासून वाढ थांबेल. तोपर्यंत परिस्थिती पाहून पुढचं ठरवता येतं.

बहुतेक खरी अडचण मँडेटमध्ये येते. बँकेला दिलेल्या परवानगीत एका वेळी जास्तीत जास्त किती कापायचे ते लिहिलेलं असतं. ६,००० च्या हप्त्याला १०,००० चं मँडेट पुरेसं वाटतं. सहाव्या वर्षी हप्ता ९,६६३ असतो आणि सगळं सुरळीत चालतं. सातव्या वर्षी तो १०,६२९ होतो आणि मँडेटची भिंत लागते. कुठे फंड कंपनी वाढ तिथेच रोखते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही, कुठे हप्ताच परत जातो आणि बँक दंड व त्यावर जीएसटी कापते. म्हणून मँडेट पहिल्याच दिवशी शेवटच्या हप्त्याच्या वरचं, इथे २५,००० चं, करून ठेवा. मोठ्या मँडेटमुळे जास्त पैसे जात नाहीत, जातो तो नोंदवलेला हप्ताच.

स्टेप-अप लागला की नाही हे कसं कळणार?

तेराव्या महिन्यात बँकेचा संदेश उघडून रक्कम पाहा. ६,६०० ऐवजी ६,००० गेले असतील तर चार शक्यता: नोंदच झाली नव्हती, तुम्ही कमाल मर्यादा चुकून आजच्याच हप्त्याइतकी लिहिली, मँडेट अपुरं पडलं, किंवा तुमची एसआयपी फंड कंपनीऐवजी ॲपच्या स्वतःच्या व्यवस्थेतून चालते आणि स्टेप-अप तिथल्या सेटिंगमध्ये वेगळा सुरू करावा लागतो. तीन-चार महिने वाट पाहू नका, त्याच आठवड्यात विचारा. आकडा पाच-दहा रुपयांनी पुढेमागे असेल तर काळजी नको, काही कंपन्या रक्कम पूर्णांकात करतात.

नोकरी बदलली आणि पगार एकदम २५ टक्क्यांनी वाढला. लगेच हप्ता २५ टक्क्यांनी वाढवू?

आधी खातं सांभाळा. नव्या कंपनीचा पगार बहुधा दुसऱ्या बँकेत जातो आणि मँडेट जुन्या खात्यावर असतं. जुन्या खात्यातली शिल्लक दोन महिन्यांत संपते आणि हप्ते परत जाऊ लागतात. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती रद्द होते, आणि तिच्याबरोबर स्टेप-अपची नोंदही जाते. शिवाय पगार येणं थांबलेलं जुनं खातं काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक न ठेवल्यास दंड लागू शकतो. नव्या खात्याचं मँडेट मंजूर होईपर्यंत जुन्या खात्यात निदान तीन हप्त्यांचे पैसे ठेवा.

वाढ मात्र प्रोबेशन संपल्यावर करा. सावली-हालोलकडे नोकरी लागली तर रोजच्या जाण्यायेण्याचा खर्चही नवा असतो, तो दोन-तीन पगारांनंतरच कळतो. मग हातात आलेल्या वाढीचा एक तृतीयांश हाच नियम लावा.

पगार २१,००० च्या वर गेला आणि ईएसआयसी बंद होणार आहे. हप्ता वाढवू का?

या वर्षी नको. ढोबळ पगार २१,००० ची मर्यादा ओलांडला की चालू सहामाही संपल्यावर (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) तुमचा ०.७५ टक्के वाटा कापणं थांबतं. हातात शे-दीडशे जास्त येतात आणि पुढे काही महिन्यांनी कुटुंबाचं वैद्यकीय छत्र जातं. पगारवाढीतले पहिले पैसे आरोग्य विम्याच्या हप्त्याला द्या. स्टेप-अप पुढच्या वर्षीपासून.

यंदा पगारवाढच झाली नाही. नुसता स्टेप-अप थांबवता येतो का?

एसआयपी चालू ठेवून फक्त वाढ थांबवण्याची सोय सगळीकडे नाही. काही महिन्यांच्या विरामाची सोय अनेक कंपन्या देतात, पण विराम संपल्यावर हप्ता जुना येतो की वाढलेला, याचे नियम वेगवेगळे आहेत. अशा वेळी वाढीच्या महिन्याआधी ती एसआयपी बंद करून त्याच रकमेची साधी एसआयपी नोंदवणं सरळ पडतं.

क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे. तरी वाढवू?

नाही. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वरच्या तक्त्यात आपण महिन्याला १ टक्का, तोही गृहीत, धरला होता.

ईएलएसएसमध्ये किंवा पीपीएफमध्ये स्टेप-अप करावा का?

ईएलएसएसमध्ये, म्हणजे कर वाचवणाऱ्या फंडात, प्रत्येक हप्ता स्वतंत्रपणे तीन वर्षं अडकतो, त्यामुळे वाढलेले हप्तेही आपापल्या तारखेपासून तीन वर्षं निघत नाहीत. करवजावटीची दीड लाखाची मर्यादा पीएफ धरून असते आणि वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली घेतली असेल तर त्या कुलपाचं कारणच उरत नाही, साध्या फंडात वाढवा.

पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाख, म्हणजे महिन्याला १२,५०० ही कमाल मर्यादा आहे. तिथे आपोआप वाढ नसते, बँकेतली स्थायी सूचना दरवर्षी बदलावी लागते. आरडीचा हप्ता खातं उघडताना ठरतो तोच बहुधा शेवटपर्यंत राहतो, तेव्हा वाढीसाठी दुसरी आरडी उघडा. कंपनीत व्हीपीएफची, म्हणजे स्वतःहून जास्त पीएफ कापून घेण्याची, सोय असेल तर वाढलेला टक्का पगार विभागाला लिहून द्यायचा. हा अर्ज बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात, तेव्हा मार्चमध्येच विचारून ठेवा.